पाच माणसं, एक सर्व्हर आणि दर तासाला तुटणारं काम

आमची देवगडात आंबा पॅकिंगची पेढी आहे. 12 जानेवारीला विंडोज सर्व्हर 2022 चं एकच मशीन बसवलं. पेढीवरचे तिघे, शेडवरचा एक आणि रत्नागिरीहून हिशेब बघणाऱ्या ताई असे पाच जण त्यावर रिमोटने काम करतो. आधी विंडोज 11 प्रो होतं, त्यात दुसरा आत शिरला की पहिला बाहेर फेकला जायचा.

पहिले चार महिने मी जिथेतिथे याचं कौतुकच केलं. वीज गेली की माझा पीसी बंद पडतो, पण इन्व्हर्टरवरचा सर्व्हर चालू राहतो. वीज आल्यावर परत जोडलं की अर्धवट टाइप केलेलं बिल, कर्सरसकट, तिथेच सापडतं.

पण लायसन्सशिवाय असं अनेकांनी रिमोटने काम करणं 120 दिवसच चालतं, आणि ते दिवस संपले 12 मे रोजी, ऐन हंगामात. विक्रेत्याने घाईघाईत पाच आरडीएस कॅल, म्हणजे रिमोटने काम करायची लायसन्स, टाकून दिली. (साधी सर्व्हर कॅल वेगळी लागतात, ती आधीच घेतली होती.) दुसऱ्या दिवशी प्रत्येकाच्या पडद्यावर हे:

```
There is a problem with your Remote Desktop license, and your session will be disconnected in 60 minutes.
```

आणि खरंच तासाने सेशन तुटायचं. ट्रक दारात उभा, ड्रायव्हर हॉर्न देतोय, आणि मी पुन्हा लॉगिन करतोय. विक्रेता आठवडाभर इंटरनेटला दोष देत राहिला. इंटरनेट गेलं तर असा निरोप येत नाही, आणि बरोबर साठाव्या मिनिटाला तर ते कधीच जात नाही.

शेवटी मीच सर्व्हरवर लायसन्स तपासणारं `lsdiag.msc` उघडलं. लायसन्सिंग मोड होता पर यूजर, म्हणजे माणसागणिक एक लायसन्स. आमचा सर्व्हर डोमेनमध्ये, म्हणजे सगळ्यांची खाती एका जागी सांभाळणाऱ्या व्यवस्थेत नाही, साध्या वर्कग्रुपमध्ये आहे, जिथे प्रत्येक यंत्राची खाती वेगळी. पर यूजरचा हिशेब डोमेनमधल्या खात्यांवर ठेवला जातो. वर्कग्रुपमध्ये फक्त पर डिव्हाइस, म्हणजे यंत्रागणिक लायसन्स, चालतं. पाच माणसांसाठी डोमेन उभारायचा खर्च मला पटेना. भांडून कॅल बदलून घेतली, `gpedit.msc` मध्ये मोड पर डिव्हाइस केला आणि सर्व्हर रीस्टार्ट केला. तेव्हापासून सेशन तुटलेलं नाही.

मात्र आता माणसं नाही, यंत्रं मोजावी लागतात. पाच कॅल आमच्या पाच यंत्रांत संपली. अण्णांनी परवा टॅबवरून आवक बघितली, ती दिसली, कारण नव्या यंत्राला 90 दिवसांपर्यंत तात्पुरतं लायसन्स मिळतं. ते संपलं की टॅबला दार बंद. सहावं कॅल घ्यायचं की अण्णांनी पेढीवरच्या पीसीवर बसायचं, हे अजून ठरलेलं नाही. माझं मत पीसीच्या बाजूने आहे.