कूलर उन्हात नेऊन पुन्हा फोटो काढायचा, की दुकानातलाच फोटो जुळवायचा?

नागपुरात उन्हाळ्याआधी असं काम हमखास येतं. अंगणाचा एप्रिलमधला संध्याकाळी पाचचा फोटो आहे आणि त्यात चार फुटी पत्र्याचा कूलर बसवायचाय. कूलरचा फोटो मात्र दुकानात, ट्यूबलाइटखाली काढलेला.

आधी अंगणाच्या फोटोत फाटकाचा खांब बघा. त्या वेळी आपल्याकडे सूर्य साधारण २० अंशांवर असतो, म्हणून सावली उंचीच्या अडीच पटींहून जास्त लांब पडते. कूलरची सावलीही साडेदहा फुटांच्या आसपास यायला हवी, तीही पूर्वेकडे. फोटोत सावल्या एकमेकींना समांतर दिसतीलच असं नाही. सूर्य समोर किंवा पाठीमागे असेल, तर त्या क्षितिजावरच्या एका बिंदूकडे जातात. दोन खांबांच्या सावल्यांवरून रेघा ओढून तो बिंदू काढा आणि तिसरी रेघ त्याच बिंदूतून कूलरच्या पायाशी आणा.

दुकानातलाच फोटो वापरायचा, तर सावली काढणं त्यातलं सोपं काम. नवीन लेयर Multiply वर टाका, आणि काळा रंग न घेता अंगणातल्या खऱ्या सावलीशी जुळेपर्यंत रंग बदला. ती निळसर असते, कारण तिथे फक्त आकाशाचा उजेड पोचतो. पायाजवळ कडा धारदार ठेवा, टोकाकडे मऊ करत न्या. सूर्याच्या सावलीची कडा दर मीटरमागे साधारण ९ मिलिमीटर पसरते.

अडतं ते कूलरच्या अंगावर. ट्यूबलाइटने तिन्ही बाजू सारख्याच उजळलेल्या असतात, उन्हात मात्र एक बाजू पिवळट झळाळते आणि दुसरी निळसर काळवंडते. त्यासाठी प्रत्येक बाजूला वेगळा मास्क आणि वेगळे Curves लागतात. मोजमाप अंगणातल्याच पांढऱ्या भिंतीवरून घ्या, उन्हातल्या भागाचं वेगळं, सावलीतल्या भागाचं वेगळं. एवढं करूनही पत्र्यावरची चमक आणि जाळीच्या पट्ट्यांखालच्या बारीक सावल्या चुकीच्याच राहतात. फोटो आडवा उलटावा म्हटलं, तर कंपनीचं नाव उलटं होतं.

म्हणून ऊन स्पष्ट असेल, तर माझं मत सरळ आहे: कूलर गच्चीवर न्या. तीच तारीख गाठायची गरज नाही. फूटभर काठी उभी करा, तिच्या सावलीचं प्रमाण खांबाच्या सावलीशी जुळलं की फोटो काढा. सूर्य कॅमेऱ्याच्या त्याच बाजूला, कॅमेऱ्याची उंची आणि अंतर तेवढंच, व्हाइट बॅलन्स ऑटोऐवजी डेलाइट. मग रंगाचं किरकोळ काम उरतं, आणि जमिनीवरची सावली तेवढी हातानं काढावी लागते. खर्च फक्त हमालीचा (आणि मालकाच्या कुरकुरीचा).

अंगणाचा फोटो जुलैतल्या ढगाळ दिवसाचा असेल, तर मात्र ही उठाठेव करू नका. तिथे सावलीला दिशाच नसते. ट्यूबलाइटची हिरवट झाक काढा, पायांखाली गडद, मऊ सावली द्या, की दुकानातला फोटो चालून जातो.