पंपाच्या पाटीवरचा २६ आणि माझे ५,२८,५०० रुपये

आधी रक्कम लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना राग कशाचा ते कळेल. पोहण्याच्या तलावाचं पाणी गाळून फिरवायच्या यंत्रणेसाठी ४,६०,००० रुपये दिले, नंतर 'दुरुस्ती'साठी ६८,५०० गेले. एकूण ५,२८,५००. आणि एप्रिलच्या सुट्टीत गोव्याहून आलेली मंडळी हिरव्या पाण्याकडे बघून पाय न भिजवता परत गेली, ते नुकसान वेगळंच.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आमचा छोटा होमस्टे आहे. तलाव १२ मीटर लांब, ६ मीटर रुंद, सरासरी खोली १.४ मीटर. म्हणजे जवळपास १०० घनमीटर, एक लाख लिटर पाणी. कंत्राटदार सीमेपलीकडचा, चंदगडकडचा, आपल्यात बसणारा-उठणारा, बोलायला गोड. कोटेशन ४,८५,००० चं. त्यात स्वच्छ लिहिलेलं होतं की सगळं पाणी दर चार तासांनी एकदा फिल्टरमधून जाईल, सक्शनला ९० मिमीचा पाइप असेल आणि सँड फिल्टर ९०० मिमी व्यासाचा असेल. कागदावर एक चूक काढून दाखवा. १०० घनमीटर चार तासांत म्हणजे ताशी २५. पाहुण्यांचा तलाव म्हटल्यावर एवढं लागतंच. घरच्या चार माणसांच्या तलावाला सहा-आठ तास चालतात.

पंप आला तेव्हा मी विचारलं होतं, हा दीड एचपीचा पुरेल का? त्याने पाटीवर बोट ठेवलं. "काका, सव्वीसचा आहे की! तुम्हाला पंचवीस पाहिजे, मी सव्वीस देतोय." पाटीवर २६ होतंच. पण तो आकडा पंपाला काहीही जोर लावावा लागत नाही तेव्हाचा. फिल्टरची वाळू, पाइपातलं घर्षण, वळणं, व्हॉल्व्ह या सगळ्याचा अडथळा मीटरमध्ये मोजतात, आणि तो वाढेल तसं पाणी घटतं. माझ्या फिल्टरवरचा गेज ०.८ बार दाखवतो, म्हणजे साधारण ८ मीटर. सक्शनला नंतर बसवलेला व्हॅक्युम गेज ०.३५ दाखवतो, म्हणजे आणखी साडेतीन. साडेअकरा मीटरला हा पंप किती देतो ते त्याच्याच माहितीपत्रकातल्या आलेखावर बघितलं. ताशी ११. शंभराला अकराने भागा, नऊ तास होतात. आम्ही पंप दिवसाला आठ तास चालवत होतो.

आणि एकदा पाणी फिरलं म्हणजे सगळं पाणी गाळलं गेलं असंही नाही. गाळलेलं पाणी परत न गाळलेल्यातच मिसळतं. एका फेरीत साधारण ६३ टक्केच पाणी खरोखर फिल्टरमधून जातं, तीन फेऱ्यांत ९५ च्या आसपास. माझ्याकडे दिवसाची एक फेरीही पुरी होत नव्हती, आणि कंत्राटदार फोनवर सांगत होता, क्लोरीन वाढवा.

आता तो क्षण, जो आठवला की अजून जेवण जात नाही. चर बुजवायच्या आदल्या संध्याकाळी मी तिथे उभा होतो. पाइपावर छापलेलं ५० दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, "काका, ते आतलं-बाहेरचं माप वेगळं असतं." आतलं माप बाहेरच्यापेक्षा मोठं कसं असेल, हे तेव्हा तोंडातून निघालं नाही. पण मला सांगा, पिढ्यान्‌पिढ्या भातशेती केलेल्या माणसाने हे कुठे शिकायचं? पैसे देऊन माणूस लावला तो कशासाठी? दुसऱ्या दिवशी चर बुजली, वर फरशी बसली.

५० मिमी पाइपाचं आतलं माप जेमतेम ४५. सक्शनमध्ये पाण्याचा वेग सेकंदाला दीड मीटरच्या आत ठेवतात, परतीच्या पाइपात दोन-सव्वादोनपर्यंत चालतो. ताशी २५ घनमीटर या ५० च्या पाइपातून ओढायचं म्हटलं तर वेग चार मीटरच्या वर जातो. ९० च्या पाइपात तेच पाणी सव्वा-दीडच्या दरम्यान निवांत जातं. कोटेशनमध्ये ९० होता तो उगाच नव्हता.

फिल्टरचं तर विचारूच नका. बिलावर फक्त 'सँड फिल्टर, १ नग'. मापच नाही! टेप लावला तर ६०० मिमी. दीडपट लहान वाटतो ना? व्यासाचा वर्ग होतो, म्हणून वाळूचं क्षेत्र ०.६४ चौरस मीटरच्या जागी ०.२८. वाळूतून पाणी ताशी ४० मीटरच्या आसपास जावं, फार तर ५०. म्हणजे हा फिल्टर जास्तीत जास्त १४ घनमीटरचा. पंप कितीही मोठा लावा, तो २५ चा होत नाही.

हेच मला दुरुस्तीला बोलावलेल्या दुसऱ्या माणसाने सांगितलं नाही. बेळगावातून आलेल्या या 'एक्सपर्ट'ने तीन एचपीचा पंप लावला आणि ६८,५०० घेतले. पंपातून खडी फिरल्यासारखा आवाज यायला लागला, कारण सक्शनला पुरेसं पाणीच येत नव्हतं. पाणी ताशी १७ च्या पुढे गेलं नाही, कारण पाइपात पाणी दुप्पट न्यायचं तर अडथळा जवळपास चौपट होतो. वाळू मात्र तळाशी दिसू लागली, आणि महिनाभरात सील गळायला लागलं. कोणी पाइप न मोजता मोठा पंप सुचवला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. सक्शनची ओढ वाढली की तळाच्या जाळीवर केस, हात अडकायचा धोकाही वाढतो. एकच जाळी असेल तर मुलांना उतरवू नका.

मग तक्रार. ठाण्यात म्हणाले, माणूस महाराष्ट्रातला, तिकडे जा. तिकडे म्हणाले, काम कर्नाटकात झालं, तिकडे जा. परत आलो तर अर्ज कन्नडमध्ये लिहून आणा. लिहून नेला. साहेब म्हणाले, हे दिवाणी आहे. कोटेशनवर ९०० आणि जागेवर ६००, हा दिवाणी प्रश्न कसा? मोजायला टेप लागतो, कायदा नाही! दोन राज्यांचा वाद कोर्टात कधी सुटायचा तो सुटो, पण फसवणाऱ्याला ही सीमा फार सोयीची आहे.

ग्राहक आयोगात तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, २०१९ च्या कायद्याने. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. पण तिथेही मेख आहे: धंद्यासाठी घेतलं असेल तर तुम्ही ग्राहकच नाही. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलं, हे सिद्ध करायला लागतं. करारात आणि बिलात तसं आधीच लिहून घ्या.

आणि शेवटचा हप्ता पाणी मोजल्याशिवाय देऊ नका. वाळूतून न जाता पाणी बाहेर सोडणाऱ्या वेस्टच्या पाइपाखाली हजार लिटरची टाकी ठेवा आणि घड्याळ लावा. २५ घनमीटरला टाकी अडीच मिनिटांच्या आत भरते. माझ्या पहिल्या पंपाला पाच मिनिटं लागली, तेही वाळूचा आणि परतीच्या पाइपाचा अडथळा नसताना. चर उघडी असताना पाइपावरची छपाई आणि टेप एकाच फोटोत घ्या. करारात एचपी लिहू नका. 'इतक्या मीटर अडथळ्याला ताशी इतकं पाणी' असं लिहा.

मी २५,००० अडवून ठेवले होते. आता त्याच पैशांसाठी त्याच्या वकिलाची नोटीस आली आहे, व्याजासकट. नोटिशीत लिहिलंय, 'कोटेशनप्रमाणे काम पूर्ण'.