मेडिकल बेल मागायचा की रेग्युलर? वयस्कर, आजारी बाई कोठडीत असेल तर

माझी आत्या एका शिक्षणसंस्थेच्या ट्रस्टची खजिनदार होती. वय ६९, शुगर जुनी, गुडघे गेलेले. अपहाराच्या केसमध्ये तिला आणि ट्रस्टच्या चेअरमन साहेबांना एकाच आठवड्यात अटक झाली. साहेबांचं वय ७४, किडनी फेल, डायलिसिसवर. दोघांच्या वकिलांनी दोन वेगळे रस्ते धरले आणि कोर्टाची धावपळ माझ्याकडे असल्यामुळं मला दोन्ही जवळून बघायला मिळाले. ज्यांना आत्ता हे ठरवायचंय त्यांच्यासाठी लिहितोय. केसप्रमाणे फरक पडतो, वकिलाला विचारूनच करा.

आधी कायद्यातली जागा बघा. बीएनएसएस कलम ४८० (जुनं सीआरपीसी ४३७) म्हणतं की फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यात सकृद्दर्शनी तथ्य दिसत असेल तर मॅजिस्ट्रेटनं जामीन देऊ नये. लगेच खाली प्रोव्हिजो म्हणजे अपवाद आहे, आरोपी लहान मूल, स्त्री, आजारी किंवा अशक्त असेल तर देता येईल. आमच्या केसला बीएनएस ३१६(५) लागलं होतं, म्हणजे जुनं ४०९, ज्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे, म्हणून हा प्रोव्हिजो नुसता सहानुभूतीचा मुद्दा नव्हता, मॅजिस्ट्रेटसमोरचं बंद दार त्यानंच उघडत होतं. आणि एक गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, यात 'वयस्कर' हा शब्दच नाही. नुसतं वय सांगून भागत नाही, वयामुळं रोजची साधी कामं होत नाहीत हे दाखवावं लागतं, म्हणजे जिना, संडास, स्वतःचे कपडे. आत्याला खाली बसून उठता येत नाही आणि बराकीत कमोड नाही, हे अर्जात दोन ओळींत लिहिलं होतं. माझ्या मते आधार कार्डावरच्या जन्मतारखेपेक्षा त्या दोन ओळी जास्त उपयोगी पडल्या.

आता साहेबांचा रस्ता. तब्येतीच्या कारणावर तात्पुरता जामीन. ऐकायला हाच सोपा वाटतो कारण केसच्या गुणदोषात शिरावं लागत नाही, फाईल जाड असली तरी चालते, आणि डायलिसिसचा पेशंट बघून कुणालाही वाटेल की हा लगेच सुटेल. पण कोर्ट माणूस किती आजारी आहे एवढ्यावर थांबत नाही. या आजाराचे उपचार कोठडीत राहून होऊ शकतात का, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. आणि त्याचं उत्तर कोर्ट मागवतं जेलच्या मेडिकल ऑफिसरकडून.

माझं मत जिथं पक्कं झालं ती जागा हीच. तो रिपोर्ट. पहिल्या तारखेला आलाच नाही. पुढच्या तारखेला आला तेव्हा अर्ध्या पानाचा होता, बीपी, नाडी, शुगर, 'प्रकृती स्थिर, औषधोपचार सुरू, आवश्यकतेनुसार शासकीय रुग्णालयात पाठवण्यात येते'. क्रिएटिनिनचा आकडा नाही, डायलिसिस ठरल्याप्रमाणे झालं का याबद्दल एक शब्द नाही. सरकारी वकिलांनी तेवढी एक ओळ वाचून दाखवली आणि विषय संपला. डॉक्टर खोटं लिहीत होते असं नाही, त्या सकाळी नाडी-बीपी ठीक होतं म्हणून स्थिर लिहिलं, पण डायलिसिसच्या पेशंटचं आजचं बीपी ठीक असणं आणि दोन दिवसांनी मशीनवर न नेल्यास काय होईल हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि रिपोर्टमध्ये फक्त पहिल्याचं उत्तर असतं. नवीन रिपोर्ट मागवा म्हटलं की पुढची तारीख.

शेवटी साहेबांचं काम झालं ते हॉस्पिटलच्या डायलिसिस कार्डामुळं. आठवड्यातून तीनदा जायचं होतं, कार्डावर मध्ये मध्ये रिकाम्या जागा होत्या, कारण त्या दिवशी पोलीस एस्कॉर्ट मिळाला नव्हता. वकिलांनी ठरलेल्या तारखा आणि प्रत्यक्ष झालेल्या तारखा शेजारी शेजारी लावून दिल्या आणि कोर्टानं लगेच दखल घेतली. मेडिकलवर जायचंच असेल तर आजाराच्या जाड फायलीपेक्षा असा पुरावा शोधा, उपचार आत चुकतोय हे दाखवणारा. आणि जेलच्या रिपोर्टवर भांडत बसण्यापेक्षा सरकारी हॉस्पिटलचा मेडिकल बोर्ड मागा.

पण मिळालं काय, तर मुदतीचा जामीन. मुदत संपायच्या आधी नवीन सर्टिफिकेट, नवीन अर्ज, नवीन 'से' म्हणजे सरकारी वकिलांचं लेखी म्हणणं, नाहीतर सरेंडर. घरी आलेला माणूस पण कॅलेंडरकडे बघत बसलेला. वरवरा राव यांच्या केसमध्ये मुंबई हायकोर्टानं फेब्रुवारी २०२१ मध्ये सहा महिन्यांचा मेडिकल जामीन दिला, मग सरेंडरची तारीख पुढं पुढं जात राहिली आणि सुप्रीम कोर्टानं मुदतीची अट काढली ती थेट ऑगस्ट २०२२ मध्ये, तेव्हा ते ऐंशीच्या पुढे होते. शिवाय जामिनावर बाहेर घालवलेले दिवस कोठडीत धरले जात नाहीत.

आत्याचा अर्ज रेग्युलर जामिनाचा होता. त्यात पहिला मुद्दा तिची भूमिका, कागदपत्रं सगळी जप्त, बँक स्टेटमेंट पोलिसांकडं, पीसीआर म्हणजे पोलीस कोठडी संपून एमसीआर म्हणजे न्यायालयीन कोठडी झालेली, आता तिच्याकडून घ्यायचं काही उरलं नाही. मग प्रोव्हिजो, ती स्त्री आहे आणि अशक्त आहे. आजार शेवटी, आधार म्हणून. त्यामुळं जेलचा रिपोर्ट आला काय न आला काय, अर्ज त्याच्यावर अडकून राहिला नाही.

सरकारी वकिलांचा विरोध अपेक्षित होता, ही बाई रिटायर्ड मुख्याध्यापिका आहे, चेकवर सह्या तिच्या आहेत, ही सवलत बिचाऱ्या अडाणी बायकांसाठी असते. याला उत्तर तयार होतं. के. कविता यांच्या केसमध्ये दिल्ली हायकोर्टानं मनी लाँडरिंगच्या कायद्यातल्या, पीएमएलएच्या कलम ४५ च्या अशाच प्रोव्हिजोबाबत साधारण हीच भूमिका घेतली होती आणि सुप्रीम कोर्टानं २७ ऑगस्ट २०२४ ला ती खोडून काढली, शिकलेली, मोठ्या पदावरची आहे म्हणून बाईला त्या सवलतीतून बाहेर काढता येत नाही. पण दुसरी बाजूही सांगतो. त्याच सुप्रीम कोर्टानं डिसेंबर २०२३ मध्ये सौम्या चौरसिया यांच्या केसमध्ये सांगितलंय की हा प्रोव्हिजो कोर्टाच्या मर्जीचा भाग आहे, हक्क नाही, आरोपीचा सहभाग किती हे बघितलं जाणार. म्हणून 'बाई आहे, सोडा' एवढ्यावर अर्ज उभा करू नका, भूमिका आधी लिहा.

आत्याला अटींवर जामीन झाला, पासपोर्ट जमा, साक्षीदारांशी संपर्क नाही, बोलावल्यावर पोलीस स्टेशनला हजेरी. मुदत नाही. माझा कल कुठं आहे ते कळलंच असेल. जिथं दोन्ही शक्य आहे तिथं मी रेग्युलरच मागेन आणि तात्पुरता जामीन त्याच अर्जात पर्यायी मागणी म्हणून टाकेन, म्हणजे मुख्य मागणी लांबली तरी ऑपरेशन किंवा डायलिसिससाठी बाहेर काढायची सोय राहते.

मात्र केस दहशतवादविरोधी यूएपीए किंवा अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्याची असेल तर हे गणित तसंच लावू नका. यूएपीएच्या ४३डी(५) आणि एनडीपीएसच्या ३७ मध्ये स्त्री, आजारी, अशक्त अशी सवलतच लिहिलेली नाही. एनडीपीएसमध्ये ३७ ची बंधनं ठरावीक कलमांना आणि व्यावसायिक प्रमाणातल्या मालाला लागतात, त्यामुळं पंचनाम्यात वजन किती लिहिलंय ते आधी बघा. ती बंधनं लागत असतील तर तब्येतीचा अर्ज आणि डायलिसिस कार्डासारखा कागद यावरच बराचसा भार येतो, तो पहिल्या दिवसापासून गोळा करायला लागा.