फोनवरून घरच्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर: एसएमबी की डीएलएनए?

घरच्या कॉम्प्युटरवरचे फोल्डर वायफायवरून फोनवर बघायचे दोन मार्ग आहेत: डीएलएनए, म्हणजे फक्त मीडिया दाखवणारी पद्धत, आणि एसएमबी, म्हणजे अख्खा फोल्डर शेअर करायची पद्धत. तुम्हाला फक्त सिनेमे आणि गाणी ऐकायची-बघायची असतील तर डीएलएनए पुरेसं आहे. फाइल उघडायची, नाव बदलायचं, फोनमधले फोटो तिकडे टाकायचे असतील तर एसएमबीच हवं. डीएलएनए सर्व्हर फोल्डरमधून व्हिडिओ, गाणी, फोटो तेवढे वेचून यादी दाखवतो. पीडीएफ किंवा एक्सेलची फाइल त्यात दिसणारच नाही. शिवाय साधारणपणे त्याला पासवर्ड नसतो, म्हणजे त्याच वायफायवरच्या पाहुण्यालाही ती यादी दिसू शकते. घरगुती फोटोंसाठी मला हे पटत नाही.

डीएलएनए जमवणं मात्र सोपं. नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या फाइल साठवायच्या उपकरणावर, मीडिया सर्व्हर चालू करायचा, फोनवर व्हीएलसीमध्ये लोकल नेटवर्क उघडायचं, झालं. नवी फाइल लगेच दिसली नाही तर घाबरू नका, सर्व्हरने फोल्डर पुन्हा तपासला की ती येते.

एसएमबीला जरा जास्त वेळ द्यावा लागतो. समजा विंडोज ११ वर `Photos` फोल्डर द्यायचा आहे. आधी त्या कॉम्प्युटरवर फोनसाठी वेगळं लोकल खातं काढा, उदाहरणार्थ `phone`, आणि त्याला पासवर्ड द्या. कारण लॉगिनला वापरता तो पिन नेटवर्कवरून चालत नाही. मग फोल्डरच्या `Properties` मध्ये `Sharing` टॅबवर `Share...` दाबून `phone` ला `Read` द्या, फोनवरून फाइल टाकायच्या असतील तर `Read/Write`. वायफायच्या सेटिंगमध्ये `Private network` निवडा. आयफोनच्या `Files` मध्ये वरच्या तीन टिंबांमधून `Connect to Server` उघडून कॉम्प्युटरचा आयपी पत्ता टाका, उदाहरणार्थ:

```
smb://192.168.1.20
```

अँड्रॉइडवर सीएक्स फाइल एक्सप्लोररसारखं अ‍ॅप लागेल.

अडलं तर कुठे अडलं ते लक्षपूर्वक बघा, त्यावरून कारण कळतं. कनेक्शनच होत नसेल तर दोष जोडणीत आहे: कॉम्प्युटर झोपलाय, फायरवॉलने ४४५ पोर्ट अडवलाय, किंवा फोन राउटरच्या गेस्ट वायफायवर आहे. गेस्ट वायफाय घरातली इतर उपकरणं सहसा दिसू देत नाही. पुन्हापुन्हा पासवर्ड मागत असेल तर खात्याचं नाव किंवा पासवर्ड चुकतोय. आत शिरता आलं पण फोल्डर उघडत नसेल तर परवानगी अपुरी आहे. `Advanced Sharing` मधून शेअर केलं असेल तर `Security` टॅबवरही तेच खातं जोडावं लागतं.

काल चालत होतं, आज नाही, असं झालं तर बहुधा कॉम्प्युटरचा आयपी बदललाय. राउटरमध्ये तो पत्ता त्याच्यासाठी राखून ठेवा. जुन्या नॅसला फक्त एसएमबी१ येत असेल तर फोनवर त्यासाठी सवलत शोधू नका. ही आवृत्ती असुरक्षित आहे, आधी नॅसचं फर्मवेअर अपडेट करून एसएमबी२ किंवा ३ मिळतं का बघा.