भाडेकरूला नकार: कारणासकट की नुसता निर्णय?

जागा कोणाला द्यायची ते ठरलं की उरलेल्या अर्जदारांना कळवायचं राहतं. लेखी कळवलेलं बरं, यावर फारसं दुमत नसावं. प्रश्न मजकुराचा आहे.

कारण लिहिणाऱ्यांचं म्हणणं चुकीचं नाही. समोरच्याने कागदपत्रं दिलेली असतात, जागा बघायला वेळ काढलेला असतो. का नाही ते कळलं तर पुढच्या ठिकाणी त्याला उपयोग होईल, असं वाटतं. पण समजा लिहिलं, 'आम्हाला १ तारखेपासून राहायला येणारं कोणी हवं होतं, तुम्ही १५ तारीख सांगितलीत.' लगेच उत्तर येतं, 'भाडं १ तारखेपासूनच देतो, सामान नंतर आणू.' कारण संपलं, नकार मात्र तसाच. मग दुसरं कारण शोधावं लागतं आणि ते वाचून पहिलं खोटं वाटू लागतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला: लिहिलेलं कारण समोरच्याला सोडवायचा प्रश्न वाटतो, आणि तो मनापासून सोडवू पाहतो. 'जागा दुसऱ्यांना दिली' हे सगळ्यात निरुपद्रवी वाटतं, पण त्यांचा करार व्हायच्या आत ते लिहिलं आणि जाहिरात तशीच दिसत राहिली, तर तीही सबबच ठरते.

नुसत्या निर्णयाची चिठ्ठी अशी असते:

'नमस्कार. जागेसाठी अर्ज केलात आणि बघायला आलात, त्याबद्दल आभार. तुमचा अर्ज आम्ही पुढे नेत नाही आहोत. टोकनची रक्कम आज तुमच्या खात्यात परत पाठवली आहे आणि ओळखपत्राची प्रत काढून टाकली आहे. मनासारखी जागा लवकर मिळो.'

यात तिसरं वाक्य सर्वांत महत्त्वाचं. त्यात 'सध्या', 'बहुतेक', 'बघू' यांपैकी काहीही आलं की माणूस दुसरी जागा शोधायचं थांबवून वाट बघत बसतो. टोकन आधी परत करावं, चिठ्ठी मग पाठवावी. नाहीतर पैशांसाठी पुन्हा संभाषण सुरू होतं. आणि ते घेतलंच नसेल, तर अर्थातच तेवढा भाग गाळायचा.

ही चिठ्ठी थोडी कोरडी वाटते, हे मान्य. घर बघताना तासभर गप्पा झालेल्या माणसाला ती लागूही शकते. आभारात त्याने केलेली एखादी नेमकी गोष्ट, म्हणजे कागदपत्रं वेळेवर दिली वगैरे, नोंदवली की कोरडेपणा बराच कमी होतो. एक अपवाद मात्र पाळावाच लागतो: काही देशांत, उदाहरणार्थ अमेरिकेत, क्रेडिट रिपोर्टच्या आधारे नकार दिला असेल तर तसं कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. तिथे तेवढं लिहावं.

निवडलेल्या भाडेकरूची सही आणि डिपॉझिट झालं की त्याच दिवशी चिठ्ठी जावी. त्याला वेळ लागणार असेल, तर बाकीच्यांना आधी 'शुक्रवारपर्यंत कळवतो' एवढं सांगून ठेवावं. 'का नाही?' असं कोणी विचारलंच, तर 'सगळे अर्ज बघून ठरवलं, निर्णय पक्का आहे' हे एकदाच लिहावं.