एबीएसचा दिवा आणि ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा : लुकलुकण्याचे दोन अर्थ

बीएमडब्ल्यूची मोटारसायकल सुरू केली की एबीएसचा दिवा लुकलुकतो. तो बिघाड नव्हे. चाकांचे सेन्सर तपासायला चाकं फिरावी लागतात, म्हणून गाडी थोडी पुढे जाईपर्यंत तपासणी अपुरी राहते. बऱ्याच इतर गाड्यांवर याच वेळी दिवा लुकलुकत नाही, सलग पेटलेला असतो. दोन्हीकडे तो काही मीटरांत विझायला हवा.

ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा सुरुवातीला असाच वागू शकतो, पण चालताना त्याची भाषा बदलते. ओल्या रस्त्यावर थ्रॉटल जास्त पिळल्यावर तो क्षणभर लुकलुकला, तर मागचं चाक घसरताना यंत्रणेने ताकद कापली. सलग पेटला, तर ती बंद आहे किंवा बिघडली आहे.

मला जास्त काळजी एबीएसच्या न विझणाऱ्या दिव्याची वाटते. समजा, चेन साफ करताना गाडी मधल्या स्टँडवर गिअरमध्ये चालवली. मागचं चाक फिरलं, पुढचं थांबलेलं; हा मेळ न बसल्याने दिवा पेटतो. चावी बंद करून पुन्हा लावा, गाडी थोडी चालवा. तरीही दिवा राहिला, तर सेन्सरवरचा चिखल आणि वायर बघा. तोवर ब्रेक लागतील, पण जोरात दाबल्यास चाक लॉक होऊ शकतं.