संजीवनी माचीच्या लेखाला मुखचित्र कोणतं?

राजगडाच्या संजीवनी माचीवरचा लेख तयार आहे. विषय एकच: तिची दुहेरी तटबंदी. बाहेरचा तट, आतला तट आणि मधली चिंचोळी वाट. मुखचित्रासाठी तीन आडवे फोटो आहेत, प्रत्येक १२०० × ६३० पिक्सेलचा.

सुवेळा माचीवरच्या नेढ्यातून दिसणारा सूर्योदय तिघांत सर्वांत देखणा, पण तो बाजूला ठेवावा लागेल. माचीच दुसरी आहे, आणि गड पाहिलेल्या वाचकाला ते पहिल्या नजरेत कळेल.

खरी निवड उरलेल्या दोघांत आहे. एकात बालेकिल्ल्यावरून दिसणारी अख्खी संजीवनी, डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली, आणि वर धुक्याचं आभाळ. शीर्षकाला जागा भरपूर वाटते. पण त्या फिक्या आभाळावर पांढरी अक्षरं ठेवली की आधी मात्रा आणि रफार विरतात, मग शब्द चाचपडत वाचावा लागतो. गडद अक्षरांनी ते सुटेल. कातरणीचं मात्र सुटत नाही. मोबाइलवर चौकोनी चौकट आली की मधले ६३० पिक्सेल उरतात आणि दोन्ही बाजूंचे २८५-२८५ जातात. म्हणजे माचीची लांबी, जी या फोटोचा जीव आहे, तीच जाते.

दुसऱ्यात दोन तटांमधल्या वाटेत एक माणूस उभा आहे, डाव्या कडेपासून साधारण २५० पिक्सेलवर. त्याच्या खांद्यापासून दोन्ही भिंती हातभर अंतरावर, त्यामुळे वाट किती अरुंद आहे हे न सांगता कळतं. शीर्षक उजवीकडे, सावलीतल्या भिंतीवर बसवावं. उन्हातल्या भिंतीवर नको, कारण तिथे दगडांच्या आडव्या सांध्या शिरोरेषेला समांतर धावतात आणि अक्षरं त्यांत गुंततात.

अडचण एकच. मधोमध कातरलं तर माणूस चौकटीबाहेर जातो. आपल्या पानावर चौकट डावीकडे सरकवता येते:

```css
.cover img {
  width: 100%;
  aspect-ratio: 1 / 1;
  object-fit: cover;
  object-position: 0% 50%;
}
```

आता डावीकडचे ६३० पिक्सेल दिसतात. पण शीर्षक चित्रातच कोरलेलं असेल तर ते अर्धं कापलं जाईल, म्हणून ते पानावर वेगळा मजकूर म्हणून ठेवावं. शिवाय लेखाची लिंक दुसरीकडे पाठवली की तिथे हा नियम लागू होत नाही, चित्र बहुधा मधोमध कापलं जातं. लिंकसोबत दिसणाऱ्या त्या चित्रासाठी, म्हणजे `og:image` साठी, मूळ मोठ्या फोटोतून नवी चौकट घ्यावी, माणूस ४०० पिक्सेलच्या आसपास येईल अशी. म्हणजे २८५ ते ९१५ या पट्ट्यात तो सुखरूप राहतो.

माझं मत तटांमधल्या माणसाच्या बाजूने. लेख अख्ख्या गडाच्या भटकंतीचा असता तर बालेकिल्ल्यावरचा फोटो घेतला असता, मोबाइलवर चौकोनाऐवजी १६:९ चौकट ठेवून. तिच्यात दोन्ही बाजूंचे जेमतेम ४०-४० पिक्सेल जातात.